सात नंबरच्या टाकीची ओळ

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत रंगांसाठी लागणारे द्रव बनवणारा एक कारखाना होता. तिथल्या कॉम्प्युटर विभागात मी काही वर्षं नोकरी केली. विभाग म्हणजे एक वातानुकूलित खोली, तिच्यात एक युनिक्स मशीन, गेटवर, प्लान्टमध्ये आणि अकाउंट्समध्ये एकेक टर्मिनल, आणि लांब कागदावर खडखडत छापणारा एक प्रिंटर. माणसं म्हणाल तर मी एकटी. माझ्या वर एक साहेब होते, पण त्यांच्याकडे खरेदी आणि स्टोअर्सही होतं, त्यामुळे ते आमच्या खोलीत आले तर थंड हवेसाठी येत.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मला ठाण्याला दुसरी नोकरी मिळाली. राजीनामा दिला तेव्हा साहेब म्हणाले, "जा, पण रात्रीच्या रिपोर्टचं सगळं लिहून द्या. मागच्या वेळी आपले फार हाल झाले होते."

मागच्या वेळी हाल माझेच झाले होते. माझ्या आधी इथे जे गृहस्थ होते, ते साहेबांच्या आधीच्या साहेबांशी भांडून अचानक नोकरी सोडून गेले होते. मी रुजू झाले तेव्हा रिपोर्ट रोज छापून येत होता, पण तो कसा येतो हे कारखान्यात कुणालाही सांगता येत नव्हतं. ते मी त्यांनी लिहिलेली स्क्रिप्ट वाचून वाचून शोधून काढलं होतं. त्या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं, पण त्याच्यावर माझा राग होता. एक कागद लिहून ठेवायला काय झालं होतं, असं मला वाटे.

स्क्रिप्ट म्हणजे मशीनने कोणती कामं कोणत्या क्रमाने करायची याच्या ओळी लिहिलेली एक फाइल. आमची स्क्रिप्ट रोज मध्यरात्रीनंतर, एक वाजता, आपोआप चालत असे. सकाळी साहेबांच्या टेबलावर जो साठ्याचा रिपोर्ट पडे, तो तिचा. कुठल्या टाकीत किती माल आहे, काल किती आला, किती गेला, आणि हिशेबाने जेवढा असायला हवा तेवढा आहे का, हे त्यात असे. त्यावरून खरेदी ठरे, टँकर बोलावले जात.

मी टिपण लिहायला घेतलं. इंग्रजीत लिहिलं, पण त्यात काय होतं ते सांगते. स्क्रिप्टला तीन फाइली लागत. पहिली गेटवरची, दिवसभरात आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या मालाची. दुसरी प्लान्टची. दुसरी पाळी संपताना टँक यार्डचा ऑपरेटर प्रत्येक टाकीच्या वरच्या झाकणातून मोजपट्टी सोडून द्रवाची उंची मोजे, याला सगळे डिप म्हणत, आणि प्लान्टमधला केमिस्ट ते आकडे टर्मिनलवर भरे. तिसरी फाइल कायमची होती. तिच्यात कोणत्या टाकीत कोणता माल आणि एका सेंटिमीटरला किती लिटर, हे असे. स्क्रिप्ट या फाइली क्रमाने लावून, एकमेकींना जोडून, गुणाकार-वजाबाक्या करून कागदावर उतरवत असे.

हे सगळं पानभरात झालं. पुढची चार पानं तिच्या खोडींची होती.

एक खोड तारखेची. रिपोर्ट कालचा, पण छापायचा मध्यरात्रीनंतर, म्हणजे त्याच्यावर कालची तारीख यायला हवी. त्या मशीनला "कालची तारीख सांग" असं विचारायची सोय नव्हती. आपली वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. त्या आधीच्या गृहस्थांनी अशी ओळ लिहिली होती की मशीनने क्षणभर असं समजावं की आपण ग्रीनिचच्या साडेअठरा तास मागे आहोत. दोन्हींत बरोबर चोवीस तासांचं अंतर. तेवढ्या क्षणात तारीख विचारली की कालची मिळे. ही ओळ मला कळली त्या दिवशी मी खुर्चीवरून उठून खोलीत एक चक्कर मारली होती. टिपणात मी सावधगिरीची सूचना लिहिली की रिपोर्ट हाताने चालवायचा झाला तर दुसऱ्या दिवशी सकाळी चालवावा. त्याच संध्याकाळी चालवला तर तारीख एक दिवस मागची पडेल.

हाताने चालवायची वेळ येई ती बहुतेक शनिवारी. आमच्या वसाहतीची सुट्टी शुक्रवारी; टँक यार्ड आणि गेट चालू असे, पण मशीन शनिवारी सकाळपर्यंत बंद, त्यामुळे शुक्रवारच्या नोंदी शनिवारी सकाळी भरल्या जात. रात्री एकला मशीन बंद असेल तर स्क्रिप्ट चालत नाही, आणि नंतर मशीन चालू केल्यावर राहिलेलं काम ते स्वतःहून करत नाही.

दुसरी खोड याहून वाईट. प्लान्टच्या केमिस्टने डिप भरलेच नाहीत तर आदल्या दिवशीची फाइल तशीच पडलेली असे, आणि स्क्रिप्ट काही न बोलता तीच घेई. रिपोर्ट सुबक छापून येई, फक्त कालचाच साठा आज दाखवी. तिसरी म्हणजे नवीन माल कायमच्या फाइलीत घालायचा राहिला तर त्याच्या नोंदी जोडताना गळून पडत. चूक दाखवत नसे, ओळच छापत नसे. आणि महिनाअखेरीला जो डिप येईल तोच पुढच्या महिन्याचा सुरुवातीचा साठा धरला जाई, म्हणजे घट असली तर ती त्या महिन्यापुरती दिसे आणि पुसली जाई.

शेवटची खोड मी अशी लिहिली होती. सात नंबरच्या टाकीच्या साठ्यात स्क्रिप्ट दररोज अडीचशे लिटर मिळवते. कारण माहीत नाही. ओळीच्या पुढे फक्त "टाकी सात, दुरुस्ती" एवढंच लिहिलेलं आहे. हात लावू नये. तरीही या टाकीत थोडी घट दिसते, ती माल उडून जाण्यामुळे असावी.

माझ्या जागी जे आले ते उल्हासनगरचे. माझ्याच वयाचे होते. घरी सिंधी बोलत, वडिलांचं कापडाचं दुकान होतं, पण यांनी दुकानात न बसता एका व्यापाऱ्याकडे कॉम्प्युटरवर काम केलं होतं. मराठी चांगली बोलत, मध्येच हिंदी येई. त्यांची एक सवय मला पहिले दोन दिवस त्रासदायक वाटली. टिपणातलं प्रत्येक वाक्य ते मोठ्याने वाचत, मग स्क्रिप्टमध्ये ती ओळ शोधत, मग ती चालवून बघत. तारखेच्या ओळीला हसले, म्हणाले, "किसने लिखा? भारी माणूस आहे." डिपच्या फाइलीबद्दल वाचल्यावर म्हणाले, "मॅडम, रिपोर्ट झाल्यावर फाइलचं नाव बदलून टाकलं तर? दुसऱ्या दिवशी नवीन नाही आली तर स्क्रिप्टला फाइलच मिळणार नाही. मग ती ओरडेल." इतक्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. आम्ही तसं केलं आणि टिपणातला एक परिच्छेद कमी झाला.

सात नंबरच्या टाकीशी ते थांबले.

"मॅडम, प्लस का?"

"माहीत नाही. मी आले तेव्हापासून आहे."

"आणि घट उडून जाण्यामुळे, हे कोणी सांगितलं?"

"टोल्युइन आहे. उडतं ते. यार्डमध्ये सगळे तसंच म्हणतात."

त्यांनी स्क्रीनवर आठ नंबरची ओळ शोधली आणि म्हणाले, "आठ नंबरमध्ये पण तेच आहे ना? तिथून का नाही उडत?"

त्यांनी कपाटातले मागच्या महिन्यांचे रिपोर्ट काढले आणि प्रत्येक महिनाअखेरीची सात नंबरची घट एका कागदावर लिहिली. पावसाळ्याआधी काही नव्हतं. पावसाळा सुरू झाल्यापासून दर महिन्याला पन्नास-साठ लिटर. प्रत्येक महिन्याचा आकडा एवढ्या मोठ्या टाकीला किरकोळ होता आणि महिना संपला की पुसला जात होता, म्हणून कोणाच्या डोळ्यावर आला नव्हता. बेरीज अडीचशेच्या जवळ गेली.

"पावसाळ्यात जास्त उडतं का, मॅडम?" त्यांनी विचारलं. चिडवत नव्हते, खरंच विचारत होते.

त्याच दिवशी साहेबांनी टिपण वाचलं. दुपारी आम्हाला दोघांना बोलावलं. टिपणाचं शेवटचं पान त्यांच्यासमोर उघडं होतं.

"हे अडीचशे लिटर काय आहे? रिपोर्टमध्ये आपण हाताने माल वाढवतो?"

मी म्हटलं, "आधीपासून आहे, साहेब."

"ऑडिटवाल्याने हे वाचलं तर काय म्हणेल? टाकीत नसलेला माल कागदावर दाखवला, असंच म्हणेल. ती ओळ काढून टाका. तुम्ही जायच्या आधी रिपोर्ट स्वच्छ करून द्या."

मी "हो" म्हणणार होते. माझे तिथले थोडेच दिवस उरले होते आणि मला वाद नको होता. पण माझ्या शेजारचे गृहस्थ, ज्यांना नोकरीला लागून आठवडाही झाला नव्हता, म्हणाले, "साहेब, ती का घातली ते कळल्यावर काढली तर चालेल? नाहीतर उद्या सात नंबरला एकदम अडीचशे लिटर कमी दिसतील. मग कोणावर तरी येईल."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "शनिवारपर्यंत सांगा. नाही कळलं तर काढायची."

आम्ही टँक यार्डमध्ये गेलो. तिथला ऑपरेटर बदलापूरजवळच्या एका गावचा, घरची भातशेती, पन्नाशीला आलेला. सगळे त्याला मामा म्हणत. सात नंबरचं नाव काढल्यावर त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"परत काय झालं?" त्याने विचारलं.

"परत म्हणजे?"

तेव्हा त्याने सांगितलं. काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यानंतर सात नंबरमध्ये एकदम घट निघाली होती. ड्यूटीवर जास्त तोच असे, त्यामुळे त्याने माल बाहेर काढला असा संशय आला. त्याला घरी बसवलं. गावात सगळ्यांना कळलं. मग कॉम्प्युटरमधल्या साहेबांनी काहीतरी हिशेब करून दाखवला आणि त्याला परत घेतलं.

"काय हिशेब?"

"ते मला नाय समजलं. मी त्यांच्या घरी पेढे घेऊन गेलतो तवा त्यांनी सांगितलं पन, पर माझ्या डोक्यात नाय शिरलं. कुळगावात ऱ्हातात ते. अजून तिथंच हायत." मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, माझं नाव परत कुठं येनार नाय ना?"

मी म्हटलं, नाही येणार. मला तसं सांगायचा अधिकार नव्हता, तरी म्हटलं.

मी तेव्हा बदलापुरात कात्रपला राहत होते. कुळगाव तिथून जवळच, स्टेशनच्या त्याच बाजूला. इतकी वर्षं ज्या माणसाची स्क्रिप्ट मी वाचत होते, तो माझ्या घरापासून चालत जाण्याइतका जवळ होता, हे मला ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी सुट्टी होती. उल्हासनगरहून माझे नवे सोबती आले आणि आम्ही दोघं कुळगावला गेलो. जुन्या घराच्या ओटीवर शाळेतली मुलं सतरंजीवर बसून गणितं सोडवत होती. गृहस्थ बारीक, चष्मा लावलेले, पायजमा आणि सदरा. मी कुठून आले ते सांगितल्यावर त्यांनी मुलांना लवकर सोडलं. बायकोला चहा टाकायला सांगितलं आणि आम्हाला आत बसवलं.

"माझ्या जागी तुम्ही आलात का?" ते म्हणाले. "बराच काळ झाला. ती तारखेची ओळ चालते अजून?"

"चालते."

"हं. ती मला बसमध्ये सुचली होती."

मी सात नंबरचं विचारलं. ते उठले आणि आतून एक काचेचा ग्लास आणला, अर्धा पाण्याने भरलेला. टेबलावर ठेवला. मग एका बाजूने त्याच्या बुडाखाली एक पातळ वही सरकवली. ग्लास कलला.

"पाण्याची पातळी बघा. पाणी सपाटच राहतं. पण ग्लासच्या तळापासून मोजलं तर? या कडेला पाणी कमी उंच दिसतं, त्या कडेला जास्त. ग्लासात पाणी तेवढंच आहे."

माझ्या सोबतचे पुढे झुकले. "टाकी तिरकी आहे," ते म्हणाले.

"यार्डला लागून नाला वाहतो, त्याच्याकडची बाजू खचली. डिपचं झाकण रस्त्याच्या बाजूला आहे, म्हणजे वर उचललेल्या कडेला. तिथून मोजपट्टी टाकली की दोन सेंटिमीटर कमी येतं. त्या टाकीला एक सेंटिमीटर म्हणजे सव्वाशे लिटर. टाकी भरलेली असो की निम्मी, फरक तेवढाच राहतो. म्हणून दररोज अडीचशे मिळवायचे. मी गवंड्याकडून ओळंबा आणून लावून बघितला होता. टाकीची वरची कड तळाच्या तीन बोटं बाहेर आली होती."

"मग टाकी सरळ का नाही केली?" मी विचारलं.

"तेव्हाच्या साहेबांना मी तेच म्हटलं. ते म्हणाले, मामाला कामावर घेतो, पण ती ओळ काढा, रिपोर्टमध्ये असं काही घालायचं नाही. मी म्हटलं, आधी टाकी सरळ करा, मग काढतो. ते एक कारण झालं. भांडणाला दुसरीही होती." चहा आला. त्यांनी कप आमच्याकडे सरकवले. "टाकी नंतर तरी सरळ केली असेल असं मी धरून चाललो होतो."

मी जे इतकी वर्षं मनात धरलं होतं ते तेव्हा विचारलं. "तुम्ही जाताना लिहून का ठेवलं नाहीत?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "लिहायला कोणी सांगितलं नाही. आणि सांगितलं नाही म्हणून मीही लिहिलं नाही. रागात होतो. जो येईल त्याला त्रास होईल, हे कळत होतं." चष्मा लावून म्हणाले, "तुम्हाला झाला."

"झाला," मी म्हटलं. यापलीकडे आम्ही त्या विषयावर बोललो नाही.

माझ्या सोबत्यांनी खिशातून तो घटीचा कागद काढून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो वाचला, पुन्हा वरपासून वाचला.

"अडीचशे मिळवूनसुद्धा एवढी घट येते?"

"पावसाळ्यापासून."

"मग ती आणखी खचतेय," ते म्हणाले. "लिटरचं सोडा आता. टाकीचा खालचा पाइप नाल्याच्याच बाजूला आहे ना? टाकी खाली जातेय आणि पाइप पंपाला पक्का बांधलेला आहे. तो कुठवर ताण घेईल? आत टोल्युइन आहे, ठिणगीने पेटणारं."

शनिवारी सकाळी आम्ही साहेबांकडे न जाता आधी यार्डमध्ये गेलो. गेटजवळ बांधकाम चालू होतं, तिथल्या गवंड्याचा ओळंबा मागून घेतला. मामा शिडीने टाकीवर चढला आणि नाल्याच्या बाजूने वरच्या कडेवरून दोरी सोडली. तिला झोके येत होते ते थांबायची आम्ही वाट पाहिली. दोरी टाकीच्या तळापासून लांब लटकत होती. माझ्या सोबत्यांनी हात लावून मोजलं. सहा बोटं.

पाइपच्या जोडाशी वाकून पाहिलं तर तिथली माती ओलसर होती आणि वास येत होता. मामा खाली उतरून म्हणाला, "पावसाळ्यात या जोडातली चकती, ते गॅस्केट, दोन वेळा बदललं. मेन्टेनन्सवाले म्हनले, माल हलका येतोय गॅस्केटचा."

मग मात्र साहेबांना घेऊन आलो. त्यांनी ओळंबा पाहिला, वास घेतला आणि स्वतः फायर सेफ्टीच्या माणसाला बोलावायला गेले. दुपारपर्यंत सात नंबरच्या आजूबाजूला दोऱ्या बांधल्या गेल्या. आतला माल आठ नंबरमध्ये मावेल तेवढा घेतला, उरलेला ड्रममध्ये. टाकी रिकामी करून धुतल्यावर पायाची नाल्याकडची बाजू खणली, तेव्हा खालची वाळू वाहून गेलेली दिसली. हात कोपरापर्यंत आत जाईल एवढी पोकळी होती. ही टाकी पुढच्या पावसाळ्यात भरलेली असती तर काय झालं असतं यावर बरीच चर्चा झाली, आणि ज्यांनी "माल उडतो" म्हटलं होतं त्यांनीही ती केली. त्यांच्यात मीही होते.

साहेबांनी आमची पाठ वगैरे थोपटली नाही. माझ्या शेवटच्या दिवशी त्यांनी टिपण परत मागून घेतलं आणि सात नंबरच्या परिच्छेदावर बोट ठेवून म्हणाले, "इथे कारण लिहा. आणि ही ओळ केव्हा काढायची तेही लिहा."

मी लिहिलं. टाकी नाल्याच्या बाजूला कललेली असल्यामुळे डिप कमी येतो, म्हणून ही दुरुस्ती. टाकी सरळ करून पुन्हा भरल्यावर ओळंबा लावून खात्री करावी आणि मग ही ओळ काढावी, त्याआधी नाही. खाली माझी सही, त्याखाली माझ्या जागी आलेल्यांची. साहेबांनी स्वतःहून तिसरी सही केली. तसं करायची पद्धत नव्हती.

मामाला मी जाताना भेटले. तो नव्या वाळूच्या ढिगाजवळ उभा होता. "तुमचं नाव कुठेही आलं नाही," मी म्हटलं. तो म्हणाला, "बरं." मग म्हणाला, "त्या कुळगावच्या साहेबांना आता तरी आत बोलवा की एकदा." मी ते आमच्या साहेबांना आधीच सुचवलं होतं. साहेब म्हणाले होते, "हो, फोन करायला हवा." तो फोन झाला की नाही मला माहीत नाही. बहुतेक नाही.

ठाण्याच्या नोकरीत मी रुळले. तिथे मशीन मोठं होतं आणि टिपणं आधीच लिहिलेली होती. उन्हाळ्याच्या सुमारास एकदा अंबरनाथहून ऑफिसात फोन आला. माझ्या जागी आलेले गृहस्थ होते.

"मॅडम, सात नंबर भरली. ओळंबा सरळ आहे. काल ती ओळ काढली."

"आणि रिपोर्ट?"

"सकाळी बघितला. एक लिटरचा पण फरक नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "मी तीनदा छापला."

त्यानंतर काही दिवसांनी कुळगावात भाजी घेताना मला ते आधीचे गृहस्थ भेटले. हातात कोथिंबिरीची जुडी होती. मी त्यांना सांगितलं की टाकी सरळ झाली आणि ओळ काढली. त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. त्यांनी मान हलवली.

"नाल्याला भिंत घातली का?"

ते मला माहीत नव्हतं.

"नवी वाळू घातली असेल. पण नाल्याचं पाणी तिथूनच जाणार. भिंत नसेल तर तीसुद्धा वाहून जाईल."

मी दुसऱ्या दिवशी ठाण्याहून अंबरनाथला फोन लावला आणि हे सांगितलं. पलीकडे ते लिहून घेत होते. मग म्हणाले, "मॅडम, हे टिपणात घालतो. आणि साहेबांना पण दाखवतो, आजच." पावसाळ्याच्या तोंडावर त्यांनीच पुन्हा कळवलं की नाल्याच्या कडेला दगडी भिंत बांधून झाली आहे, फार उंच नाही, पण पाणी अडतं. त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.

कुळगावच्या त्या घरावरून मी पुढे बरीच वर्षं जात-येत राहिले. ओटीवर मुलं बसलेली असत. कधी ते बाहेर असले तर मान हलवत, मीही हलवत असे.